जाळी लावलेल्या पदराची 'हातमागाची पैठणी' : ३८,५०० रुपयांना गंडा

रक्कम आधी सांगते: ३८,५०० रुपये. वस्तू: 'येवल्याची अस्सल हातमागाची पैठणी', गर्द जांभळी, पदरावर मोर. तीच नक्षी, तोच रंग, तोच काठ असलेली साडी दुसऱ्या दुकानात 'यंत्रमाग, प्युअर सिल्क' अशी स्वच्छ चिठ्ठी लावून ११,२०० रुपयांना टांगलेली होती. म्हणजे २७,३०० रुपये फक्त 'हातमाग' या एका शब्दाचे घेतले, आणि तो शब्द पावतीवर छापलेलाच नाही.

साडी वहिनींनी मुलीच्या लग्नासाठी घेतली. कुणी म्हणेल, बघून नाही का घ्यायची? बघूनच घेतली. दुकान मोठं, वातानुकूलित, साडीला सिल्क मार्कची चिठ्ठी, तीही खरी. आणि इथेच खरी चलाखी आहे. सिल्क मार्क फक्त रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतो. साडी हातानं विणली की यंत्रानं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीला तो कायदेशीरपणे लागतो. हातमागाचं चिन्ह वेगळं असतं, 'हँडलूम मार्क' नावाचं, आणि ते या साडीवर नव्हतं. दुकानदारानं सिल्क मार्कवर बोट ठेवून म्हटलं, "सरकारी शिक्का आहे ताई, अजून काय हवं?" एक खरी चिठ्ठी दाखवून दुसरीच गोष्ट विकली.

आता तो क्षण, ज्याची चीड अजून जात नाही. वहिनींनी पदर उलटा करून पाहायला मागितला. उलट्या बाजूला पांढरी बारीक जाळी शिवलेली होती. "जरीचे धागे अडकू नयेत म्हणून आम्हीच लावून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही." ऐकायला सेवाच वाटते. पण अस्सल विणीच्या पैठणीला जाळी लागतच नाही! तिथे मागे अडकायला धागेच नसतात. जाळी म्हणजे जरीचे धागे वाचवायची सोय नव्हे, ती मागची बाजू झाकायची सोय आहे. साडी घरी आल्यावर जाळीची एका कोपऱ्यातली शिवण उसवली, तेव्हा मोराच्या मागे सगळा गुंता दिसला: हिरवा, लाल, पिवळा धागा एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत मोकळा लोंबत गेलेला, काही ठिकाणी कापून टाकलेला आणि त्याची टोकं केसांसारखी उभी.

कारण समजून घ्या, म्हणजे पुन्हा कुणी फसवू शकणार नाही. पारंपरिक पैठणीच्या पदरात जर आडवी जाते आणि नक्षीचा प्रत्येक रंग स्वतःच्या छोट्या कांडीवर असतो. विणकर ती कांडी हातानं त्या फुलापुरतीच फिरवतो, शेजारच्या रंगाशी किंवा जरीशी धागा अडकवतो आणि मागे वळतो. मोराच्या मानेचा निळा धागा मानेतच येऊन-जाऊन संपतो. म्हणून पदर उलटा केला तरी मोर मोरच दिसतो, फार तर एखादं गाठीचं टोक. जॅकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे धागे उचलणारी यंत्रणा, लावलेल्या यंत्रावर मात्र रंगाचा धागा पन्हाभर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतो. जिथे नक्षी नाही तिथे तो मागे मोकळा राहतो. तो तसाच ठेवतात किंवा कापतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मागे मोकळे धागे दिसले म्हणजे साडी यंत्रमागाचीच, असं लगेच म्हणता येत नाही. हातमागावर जॅकार्ड लावून 'ब्रोकेड' पैठणीही विणतात, तिच्याही मागे धागे असतात. पण मग भावही ब्रोकेडचाच हवा. कांडीकामाचा भाव लावून ब्रोकेड विकणं हीसुद्धा फसवणूकच, माग कुठलाही असो.

मग यंत्र कसं ओळखलं? काठाच्या कडेवरून. हातमागावर कापड ताणून धरायला टाचण्या असलेली पट्टी लावतात, विणकर ती थोड्या थोड्या वेळानं हातानं पुढे सरकवतो. त्यामुळे दोन्ही कडांना बारीक भोकं दिसतात, ठरावीक अंतरानं पण अगदी फूटपट्टीनं आखल्यासारखी नाहीत. आणि आडवा धागा नेणारा धोटा परत फिरतो म्हणून कड बंद असते. या साडीच्या दोन्ही कडांना आडव्या धाग्याची तुटकी टोकं झालरीसारखी बाहेर आलेली होती, आणि ती सुटू नयेत म्हणून कडेला वेगळा धागा पिळून घातलेला. ही रॅपिअर यंत्राची खूण. तिथे धोटाच नसतो, प्रत्येक आडवा धागा आत ओढला जातो आणि कापला जातो. मात्र जुन्या धोटा असलेल्या यंत्रमागाची कड बंदच असते, म्हणून बंद कड पाहून निश्चिंत होऊ नका.

दुसरी तपासणी एक इंचाच्या खिडकीची. कागदाला एक इंच चौरस भोक पाडायचं, ते साडीच्या अंगावर पाच-सहा ठिकाणी ठेवून भिंगातून आडवे धागे मोजायचे. हातानं ठोकलेल्या विणीत जागोजागी दोन-चार धाग्यांचा फरक येतोच. इथे सगळीकडे एकच आकडा आला. ही एकटी खूण पुरेशी नाही, पण झालर आणि जाळीच्या जोडीला आली की शंका उरत नाही.

धागा जाळून दाखवणाऱ्यांपासूनही सावध. पदराच्या गोंड्यातला धागा काढून जाळतात, केसांसारखा वास येतो, राख चुरगळते, गिऱ्हाईक खूश. पण गोंड्यात फक्त ताणा, म्हणजे उभा धागा, असतो! बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, पॉलिस्टर घातलेलं असलं तरी ते तिथे दिसणारच नाही. पदराच्या टोकाला विणीतून एक आडवा धागा ओढून तोही जाळायला सांगा. वितळून कडक मणी झाला तर समजून जा. आमच्या साडीत दोन्ही धागे रेशमाचेच निघाले, ते मान्य. रेशीम खरं होतं, खोटा होता तो भाव.

आणि भावाची ती मीटरची गंमत. दुकानदारानं कॅल्क्युलेटर काढून दाखवलं: ब्लाउजसकट ६.३० मीटर, ३८,५०० भागिले ६.३०, म्हणजे मीटरला साधारण ६,१११ रुपये. "बाहेर हातमागाचं मीटरला नऊ हजार चाललंय." पैठणीचा भाव सगळ्या लांबीवर सारखा वाटून दाखवणं हाच बनाव आहे, कारण साध्या अंगाचं कापड आणि भरलेला पदर यांना लागणारा वेळ जमीन-अस्मानाइतका वेगळा. भरलेला पदर हातानं विणताना दिवसभरात चार बोटं पुढे सरकला तरी पुष्कळ.

हिशोब असा करायचा. या साडीत पदर पाऊण मीटर, ब्लाउज ८० सेंटीमीटर, उरलेलं अंग ४.७५ मीटर. म्हणजे पदर सोडून ५.५५ मीटर कापड. तशाच जाडीचं, तेवढ्याच वजनाचं साधं यंत्रमागाचं रेशीम मीटरनं मिळतं, त्याचा भाव दोन दुकानांत विचारा. आम्हाला १,२०० सांगितला. ५.५५ गुणिले १,२०० म्हणजे ६,६६०. ते ३८,५०० मधून वजा केले की ३१,८४० उरतात. म्हणजे काठ आणि पाऊण मीटर पदर, एवढ्यासाठी दुकानदार ३१,८४० मागत होता. आता पदर उलटा करून विचारा, एवढे पैसे यात कुठे आहेत? विणकर महिनाभर मागावर बसून कांडीनं मोर भरत असेल तर ही रक्कम त्याच्या हक्काची आहे, घासाघीस करू नका. यंत्रावर असा पदर उतरायला फार तर काही तासांचं काम. अंगावर हातानं विणलेल्या बुट्ट्या असतील तर अंगाचा भावही वाढतो, आणि त्या बुट्ट्याही उलट्या करून पाहायच्या.

अंग हातमागाचं असेल तर १,२०० ऐवजी त्याचा भाव जास्त धरावा लागेल, हे खरं. पण काठ पाहून तेही कळतं. तीन धोट्यांच्या विणीत दोन काठ आणि अंग यांचे बाणे वेगळे असतात, सांध्यावर एकमेकांत अडकतात. त्यामुळे अंग जांभळं आणि काठाखालचा रंग दुसरा, दोन्ही शुद्ध दिसतात. इथे जांभळा बाणा सरळ काठाखालून गेलेला, साडी तिरकी धरली की काठात जांभळी झाक मारत होती.

तक्रारीचं काय झालं तेही ऐका. दुकानात गेलो तर, "पावतीवर हातमाग लिहिलंय का?" नाही लिहिलेलं. 'पैठणी साडी, नग १' एवढंच. पोलीस चौकीत, "हे दिवाणी प्रकरण, ग्राहक मंचात जा." काठपदराच्या ठरावीक साड्या हातमागासाठी राखून ठेवणारा १९८५ चा कायदा आहे, म्हणून एका सरकारी कार्यालयात साडी घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी जाळी उसवलेला कोपरा पाहिला, "यंत्राचीच आहे" असं तोंडानं सांगितलं, आणि तेच लिहून द्या म्हटल्यावर फाइल बंद केली! तपासणी विणणाऱ्याच्या मागावर होते, दुकानातल्या साडीवर नाही म्हणे. मग दुकानात काहीही बोलून विकलं तर विचारायचं कुणाला? येवल्याचा विणकर महिना-महिना मागावर वाकून बसतो, त्याचं नाव वापरून कुणीतरी सत्तावीस हजार खिशात घालतो, आणि टेबलामागचा माणूस म्हणतो, आमच्या अखत्यारीत येत नाही. पैठणीला भौगोलिक निर्देशांक मिळाल्याचे फलक लावायला मात्र सगळे पुढे.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते. तिथे अर्ज दिला आहे. तुमच्यावर वेळ आली तर फॉल-पिको करू नका, साडी नेसू नका, चिठ्ठ्या तोडू नका, दुकानदाराचा व्हॉट्सअॅपवरचा 'हातमाग' असा उल्लेख असलेला संदेश जपून ठेवा. आमच्याकडे तो एकच लेखी पुरावा आहे. जाळी उसवायचीच तर एका कोपऱ्यापुरती, आणि उसवताना व्हिडिओ काढा.

आणि घेण्याआधी पावतीवर हे लिहून मागा: हातमाग, ताणा-बाणा दोन्ही शुद्ध रेशीम, पदर कांडीकामाचा की ब्रोकेड, जर कुठली, साडीचं वजन किती. जो खरी साडी विकतो तो दोन मिनिटांत लिहून देतो. "आमच्याकडे तशी पद्धत नाही" म्हणणाऱ्याच्या हातात पैसे ठेवू नका.