ग्रेड समजावून सांगायचे आहेत, तर वर्गीकरण बरे की गुणांक?

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यात ग्रेड नव्याने लावायचे ठरले की एचआरपुढे मुख्यतः दोन पद्धती असतात. दोन्हींतून पगाराचे बँड निघतात. पण "मी ग्रेड 3 मध्ये आणि तो 4 मध्ये का?" असे शॉपफ्लोअरवरून कोणी विचारले, तर कोणत्या पद्धतीत खरे उत्तर देता येते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

वर्गीकरणात आधी ग्रेडच्या व्याख्या लिहितात आणि मग प्रत्येक काम जिथे बसेल तिथे ठेवतात. ग्रेड 3 म्हणजे ठरलेल्या पद्धतीने, देखरेखीखाली केलेले काम. ग्रेड 4 म्हणजे बिघाड स्वतः शोधून निर्णय घेण्याचे काम. सरकारी नोकरीतल्या लेव्हल साधारण याच जातीच्या, त्यामुळे घरोघरी ही कल्पना ओळखीची आहे. सगळे एका कागदावर मावते. अडचण येते ती काम दोन व्याख्यांत विभागले गेले की. तेव्हा "कमिटीला तसे वाटले" यापलीकडे सांगण्यासारखे काही उरत नाही.

गुणांक पद्धतीत कामाचे घटक वेगळे करून प्रत्येकाला पायऱ्या देतात. समजा एकूण 1000 गुण: कौशल्य 400, जबाबदारी 300, श्रम 200, कामाची परिस्थिती 100 आणि प्रत्येकाच्या पाच सारख्या पायऱ्या. हे घटक हवेतून आलेले नाहीत. वेतन संहिता 2019 मध्येही 'समान किंवा समान स्वरूपाचे काम' ठरवताना कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी पाहिली जाते.

आता मेंटेनन्स टेक्निशियन आणि क्वालिटी इन्स्पेक्टर घ्या. दोघेही डिप्लोमावाले.

| घटक | टेक्निशियन | इन्स्पेक्टर |
|---|---|---|
| कौशल्य | 240 | 240 |
| जबाबदारी | 180 | 180 |
| श्रम | 160 | 80 |
| परिस्थिती | 80 | 40 |
| एकूण | 660 | 540 |

501 ते 600 गुण म्हणजे ग्रेड 3, 601 ते 700 म्हणजे ग्रेड 4. इन्स्पेक्टरबाईंनी हा तक्ता पाहिला, तर त्यांना नेमके बोट ठेवता येते. श्रमात फक्त वजन उचलणे मोजले. आठ तास गेज हातात धरून कडेला राहिलेली बारीक बर आणि चरे शोधताना नजर जागची हलू द्यायची नाही, त्याचे काय? हा आक्षेप रास्त आहे. एकाग्रता हाही श्रमच. ती धरली की एक पायरी वाढते, 120 होतात, बेरीज 580. ग्रेड मात्र तोच राहतो आणि का राहतो तेही त्यांना दिसते.

मग जेडी, म्हणजे कामाचे लेखी वर्णन, उघडायचा. त्यात "तपासणी करून सुपरवायझरला कळवणे" एवढेच लिहिलेले असते. प्रत्यक्षात रात्रपाळीत संशयास्पद लॉट अडवण्याचा, डिस्पॅच थांबवण्याचा अधिकार त्यांच्याकडेच असतो. हा अधिकार कागदावर आला की जबाबदारी 180 वरून 240 वर जाते, बेरीज 640 होते आणि काम ग्रेड 4 मध्ये येते. चुकीच्या ग्रेडचे मूळ फार वेळा अशा जुन्या जेडीत असते. वर्गीकरणातही ही चूक सापडू शकते, पण तिथे ती शोधायची कुठे हे कोणी दाखवत नाही.

गुणांकाची किंमतही आहे. प्रत्येक जेडी नव्याने लिहावा लागतो, कमिटीत खात्यांची माणसे बसवावी लागतात, आणि नुसते आकडे वाटले तर लोक दहा-दहा गुणांसाठी भांडत बसतात. म्हणून बेरीज सांगण्याआधी प्रत्येक पायरीचे वर्णन हातात द्यावे. शिवाय 'वजन' ठरवणे हा माणसांचाच निर्णय असतो. कौशल्याला 400 का, हे कमिटीने मोकळेपणाने सांगावे.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट आधीच स्पष्ट करायची: ग्रेड कामाला मिळतो, माणसाला नाही. ग्रेड 3 चा बँड 24,000 ते 36,000 आणि 4 चा 30,000 ते 45,000 असेल, तर ग्रेड 3 मधला जुना माणूस ग्रेड 4 मधल्या नवख्यापेक्षा जास्त घेऊ शकतो. ही चूक नसते. अनुभव आणि कामगिरी बँडच्या आत मोजली जाते.

बाजारभावाचे तसे नाही. सीएनसी प्रोग्रामर मिळत नाहीत म्हणून त्यांचे गुण फुगवले, तर उद्या बाकीच्यांना काहीच समजावता येणार नाही. तो फरक वेगळा भत्ता म्हणून पगारपत्रकात दिसू द्यावा.

माझे मत असे. शे-सव्वाशे माणसे आणि वीस-पंचवीस प्रकारची कामे असतील, तर वर्गीकरण घ्या, पण प्रत्येक ग्रेडखाली सर्वांच्या ओळखीची दोन नमुना कामे लिहा. खाती वाढली, ऑफिस आणि शॉपफ्लोअरची तुलना होऊ लागली की गुणांक घ्या, आणि फेरतपासणीचा अर्ज पहिल्याच दिवशी ग्रेडच्या पत्रासोबत द्या.