जाड पिन की लांब लग?

क्लेविसवर, म्हणजे दोन फाट्यांमध्ये पट्टी धरून आरपार पिन घातलेल्या जोडावर, ४० किलोन्यूटन ओढ, पिन २० मिमी, मधली लग, म्हणजे भोक असलेली ती पट्टी, १२ मिमी जाड, भोकाच्या मध्यापासून कड २५ मिमी. पिन दोन ठिकाणी कापली जाते, म्हणून तिच्यात जेमतेम ६४ मेगापास्कल. भोकाच्या भिंतीवर पिनेचा दाब, म्हणजे बेअरिंग, १६७. लग फाटण्याचा ताण मात्र १११, आणि साध्या पोलादात मी हा ताण १०० वर जाऊ देत नाही.

बरेच जण लगेच २५ मिमी पिन घालतात. बेअरिंग १३३ वर उतरतं खरं, पण मोठं भोक कडेपर्यंतचं धातू खातं: उरतात १२.५ मिमी, फाटण्याचा ताण १३३! पिन तर आधीच निवांत होती.

त्यापेक्षा पिन तीच ठेवून कड ३० मिमी करा. ताण ८३. बेअरिंग १६७ च राहतं. भोक लंबगोल होऊ लागलं, तर लगच जाड करावी लागेल.