टेस्टोस्टेरॉन, क्लोमिफीन की एचसीजी? मूल हवं असणाऱ्या पुरुषाने काय निवडावं

सतत थकवा, इच्छा कमी, रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन खाली आणि घरात मुलाचा विचार सुरू. अशा वेळी 'कमी आहे तर इंजेक्शनने भरून काढू' हा सल्ला सगळ्यांनाच पटतो. पण मूल हवं असेल तर तिन्ही पर्यायांतला नेमका हाच टाळायचा असतो.

कारण शुक्राणूंना रक्तातलं टेस्टोस्टेरॉन पुरत नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस साधारण दर दीड-दोन तासांनी जीएनआरएच हे हार्मोन सोडतो, त्यावर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स सोडते. एलएचमुळे वृषणातल्या लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात, तर ज्यांच्या आधाराने शुक्राणू वाढतात त्या सर्टोली पेशींना एफएसएच कामाला लावतं. टेस्टोस्टेरॉन तिथल्या तिथेच तयार होत असल्याने वृषणातली त्याची पातळी रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असते आणि शुक्राणू तयार व्हायला तीच लागते.

बाहेरून इंजेक्शन किंवा जेल घेतलं की रक्तातली पातळी भरते. ती पाहून मेंदू एलएच आणि एफएसएच दोन्ही थांबवतो, लेडिग पेशी थंडावतात आणि वृषणातली पातळी कोसळते. रक्ताचा रिपोर्ट उत्तम आणि वीर्यात शुक्राणू शून्य, असं यात खरंच होतं. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट देऊन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी घेतली होती. तिचे निष्कर्ष 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्याहून जास्त पुरुषांचे शुक्राणू सहा महिन्यांत पूर्ण बंद झाले होते. जिममध्ये मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांचंही हेच. कमी झालेल्या इच्छेवर टेस्टोस्टेरॉन चांगलं काम करतं, पण ते मूल नको असणाऱ्यांसाठी.

क्लोमिफीनची वाट वेगळी. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि 'आता पुरे' हा निरोप मेंदूला बऱ्याच अंशी इस्ट्रोजेनच देतं. क्लोमिफीन तो निरोप अडवतं, मग मेंदू एलएच आणि एफएसएच वाढवतो. गोळी स्वस्त, सुईची कटकट नाही. मात्र पिट्युटरी धड असेल तरच ती चालते. टेस्टोस्टेरॉन बहुतेकांचं वाढतं, शुक्राणू वाढतीलच याची खात्री नाही. नजर अंधूक झाली किंवा डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावं.

एचसीजीचं इंजेक्शन थेट लेडिग पेशींवर एलएचचं काम करतं, त्यामुळे मेंदूकडून काहीच येत नसलं तरी ते चालतं. सहसा आठवड्यातून दोन-तीनदा 1500 ते 2000 युनिट त्वचेखाली देतात. तीन ते सहा महिन्यांत शुक्राणू दिसले नाहीत तर एफएसएचची इंजेक्शनं जोडतात आणि तिथून खर्च बराच वाढतो. एचसीजीने इस्ट्रोजेनही वाढतं, म्हणून काहींना छातीत गाठ किंवा दुखरेपणा जाणवतो.

आता निवड कशी करायची? समजा वय 32, सकाळी उपाशीपोटी दोन वेगळ्या दिवशी केलेल्या तपासणीत टेस्टोस्टेरॉन 210 च्या आसपास (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर), एलएच 1.5, एफएसएच 1.8. टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असताना एलएच वाढायला हवं होतं. ते वाढलेलं नाही, म्हणजे अडचण वर, मेंदूत आहे. आधी प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन पाहायचं. ते खूप वाढलेलं असेल तर पिट्युटरीची गाठ शोधावी लागते आणि औषधच वेगळं असतं. प्रोलॅक्टिन ठीक, पिट्युटरी धड आणि वजन जास्त असेल तर मी वजन कमी करण्यासोबत क्लोमिफीनचा विचार करेन. पिट्युटरीची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा वयात येणंच अर्धवट राहिलं असेल, तर थेट एचसीजी.

त्याच माणसाचं एलएच 20 आणि एफएसएच 35 आलं तर चित्र उलटं. मेंदू पुरेपूर प्रयत्न करतोय, वृषण साथ देत नाहीत. क्लाइनफेल्टरमध्ये, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जास्त असताना, असं दिसतं. इथे क्लोमिफीन किंवा एचसीजीवर आशा ठेवण्यात अर्थ नाही. गुणसूत्रांची तपासणी करून, वृषणातून सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू शोधण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारावं, आणि तेही टेस्टोस्टेरॉन सुरू करण्याआधी.

कोणतंही औषध घेतलं तरी महिन्याभरात सिमेन तपासून निराश होऊ नये. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात आणि पुढचा प्रवास वेगळा, म्हणून पहिली अर्थपूर्ण तपासणी तीन महिन्यांनी. मेंदूकडून संदेशच येत नसतील तर एचसीजीवर शुक्राणू दिसायला वर्ष-दोन वर्षंही जातात. टेस्टोस्टेरॉन आधीच सुरू असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते बंद करावं लागतं. गर्भनिरोधक चाचण्यांतल्या निरोगी पुरुषांपैकी बहुतेकांचे शुक्राणू वर्षभरात परत आले, पण ज्यांची संख्या मुळातच कमी होती त्यांनी त्या आकड्यांवर विसंबू नये.