काळ्या केसांपासून प्लॅटिनम ब्लाँडपर्यंत: साडेसात महिन्यांनंतरचा अनुभव

माझे केस मुळात जवळजवळ काळे, म्हणजे रंगाच्या मोजपट्टीवर तिसऱ्या लेव्हलचे. आणि टोकांकडच्या भागावर वर्षभरापूर्वी लावलेला काळा डाय अजून शिल्लक होता. प्लॅटिनमसाठी केस दहाव्या लेव्हलपर्यंत, केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतके फिकट पिवळे व्हावे लागतात. हे अंतर एका बैठकीत कापण्याचा आग्रह धरू नये, हे कलरिस्टने पहिल्याच भेटीत स्पष्ट केले आणि तीन बैठका सात-सात आठवड्यांच्या अंतराने आखल्या. प्रत्यक्षात तिसरी बैठक पाच आठवडे पुढे गेली, आणि या अनुभवातले सर्वांत उपयुक्त शिक्षण मला त्या लांबणीवर पडण्यातूनच मिळाले.

पहिल्या बैठकीआधी मानेजवळची एक बट चाचणीसाठी ब्लीच करून पाहिली. तीत नैसर्गिक भाग नारिंगीपर्यंत आला, पण डाय असलेला भाग विटकरी लालसरच राहिला, त्यामुळे टोके मागे राहणार हे आधीच कळले. ब्लीच पावडर ६ टक्क्यांच्या, म्हणजे २० व्हॉल्यूमच्या डेव्हलपरमध्ये कालवली होती. ती आधी मधल्या लांबीला आणि टोकांना लावली गेली, मुळांना सर्वांत शेवटी, कारण टाळूच्या उष्णतेमुळे मुळांजवळचा साधारण दीड सेंटिमीटरचा भाग झपाट्याने उजळतो. त्या दिवशी मी नारिंगी केस घेऊन घरी आले. टोनरने हे झाकता येईल का, असे मी विचारले होते. पण टोनर उरलेली छटा फक्त दाबतो, केस उजळवत नाही, त्यामुळे नारिंगीवर जांभळा टोनर लावून प्लॅटिनम होत नाही. दुसऱ्या बैठकीत लांबी पिवळी झाली, टोके मात्र अजून नारिंगीच होती.

सात आठवड्यांनी तिसऱ्या बैठकीसाठी गेले, तेव्हा कलरिस्टने ब्लीच कालवण्याआधी तीन ठिकाणचे केस ओले करून हलकेच ताणून पाहिले. निरोगी ओला केस साधारण एक तृतीयांश लांबेपर्यंत ताणला जातो आणि सोडल्यावर पूर्ववत होतो. मुळांजवळचा आणि मधला केस तसाच वागला, पण टोकाचा केस चघळलेल्या च्युइंगमसारखा लांबत गेला आणि आखडलाच नाही. कोरडे असताना हीच टोके कंडिशनरमुळे मऊ आणि चमकदार दिसत होती, म्हणून घरी आरशात पाहून मला शंकाही आली नव्हती. बैठक तिथेच थांबली.

इथे माझा एक गैरसमज दूर झाला. मला वाटत होते की थांबलो की केस 'बरे' होतात. केसाचा दिसणारा भाग निर्जीव असल्यामुळे तो स्वतःहून भरून येत नाही. बाँड दुरुस्तीचे उपचार त्याला काही प्रमाणात आधार देतात, इतकेच. अंतर ठेवण्याचा खरा फायदा म्हणजे टाळूला विश्रांती मिळते, रोजच्या धुण्या-विंचरण्यात केस कुठे तुटतात ते कळते आणि खराब टोके कापायची की ठेवायची हे ठरवता येते. मी सहा सेंटिमीटर कापली. वाईट वाटले, परंतु तो भाग दहाव्या लेव्हलपर्यंत पोहोचलाच नसता.

मात्र थांबण्याचीही किंमत होती. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे दुसऱ्या बैठकीनंतरच्या बारा आठवड्यांत साडेतीन सेंटिमीटर काळी वाढ उतरली होती. टाळूची ऊब एवढ्या लांबीपर्यंत पोहोचत नाही. सगळ्या वाढीला एकाच वेळी ब्लीच लावले असते, तर मुळाशी फिकट आणि पुढे नारिंगी असा पट्टा उमटला असता. म्हणून आधी टाळूपासून दूरचे दोन सेंटिमीटर लावून पुरेसे उजळू दिले आणि नंतर मुळाशी लावले. आधीच पिवळ्या असलेल्या लांबीला शेवटी थोडाच वेळ आणि कमी शक्तीचे मिश्रण मिळाले, तेही पुन्हा ताण-चाचणी करूनच. टाळूवर जास्त व्हॉल्यूम वापरून वेळ वाचवण्याचा विचार आम्ही केला नाही. जळजळ वाढली असती आणि पट्टा टळलाच असता असे नाही. शेवटी जांभळा टोनर लागला आणि रंग हवा तसा उतरला.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत टोनर साधारण पाच आठवडे टिकतो आणि मग पिवळसरपणा परततो, असे दिसले. जांभळा शाम्पू मी आठवड्यातून एकदाच वापरते, कारण सच्छिद्र झालेली टोके तो जास्त शोषतात आणि राखाडी होतात. मुळांची भेट सहा आठवड्यांवर पक्की ठेवली आहे, म्हणजे वाढ दोन सेंटिमीटरच्या आत राहते. ब्लीच फक्त नव्या वाढीवरच लागते. ते आधीच्या उजळलेल्या केसावर ओघळू नये, याकडे मी स्वतःही आरशातून लक्ष ठेवते.