काउंटर ऑफर आली: पगार वाढवायचा की जॉइनिंग बोनस द्यायचा?

पुण्यात छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्या मित्राचा परवा फोन आला. उमेदवार सध्या १४ लाखांवर, याची ऑफर १८ची, आणि राजीनामा देताच जुन्या कंपनीने १९ देऊ केले. आता काय करू?

आकडा २० केला तर ते २ लाख दरवर्षी जातात, पुढची टक्केवारीतली वाढही त्यावरच. त्याच कामाचा टीममधला जुना माणूस साडेसतरावर असेल, तर खरा खर्च तिथे सुरू होतो. पगार गुपित राहतो, हा भ्रम आहे. दीड लाखाचा जॉइनिंग बोनस एकदाच जातो, पगाराची चौकट मोडत नाही. वर्षाच्या आत सोडल्यास परत करायची अट मात्र ऑफर लेटरमध्येच लिहा.

माणूस खरंच येईल का? नोटीस ९० दिवसांची असेल तर वाढवलेला आकडा तिसऱ्याच कंपनीला दाखवायला कामी येतो. त्यामुळे बोनसपेक्षाही मी नोटीस बायआउटवर पैसे घालीन: उरलेल्या नोटिशीचे पैसे जुन्या कंपनीला भरायचे, म्हणजे थांबायचे दिवसच कमी होतात. राजीनामा स्वीकारल्याची मेल आली का, तेही विचारा. टाळाटाळ झाली की समजायचं.

बाजारभावच २० असेल, तर मुळात ऑफर कमी होती. पगार वाढवा, जुन्यांचाही बघा. भाव १८च असेल तर बोनस आणि बायआउट, उत्तराला तीन दिवस, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला तोवर नकार कळवू नका.