“मालकाचे आले की देतो” की “तीस दिवसांत देतो”?

प्लंबिंगच्या सब-कॉन्ट्रॅक्टरचं 6 लाखांचं बिल मंजूर झालं, असं धरा. करारात “मालकाकडून पैसे आल्यावर 7 दिवसांत” असं लिहिलं असेल, तर ही मुदत कधी सुरू होणार हे त्याच्या हातात नाही. मालक वॉटरप्रूफिंगच्या वादावरून मुख्य ठेकेदाराचे पैसे अडवतो आणि चोख काम केलेला प्लंबरही लटकतो. मजुरांना शनिवारी रोख द्यावीच लागते. बिलावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,08,000 रुपये, पैसे न येताही भरावा लागतो. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं.

“बिल मंजूर झाल्यापासून 30 दिवसांत” असं असेल, तर मालकाच्या उशिराची जोखीम मुख्य ठेकेदार उचलतो. एकतिसाव्या दिवशी थकबाकी ठरते, व्याज मागता येतं. एमएसएमई कायद्याची 45 दिवसांची कमाल मर्यादा आहेच, पण साहित्य-मजुरीच्या एकत्रित ठेक्याला हा कायदा लागू नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहेत. म्हणून भिस्त करारावरच.

ठेकेदार अडूनच बसला, तर “मालकाकडून पैसे आल्यावर”च्या कलमात एवढं तरी घालून घ्या: “किंवा बिल मंजूर झाल्यापासून 45 दिवस, यातलं जे आधी होईल ते.”