गरम पाण्याच्या पाइपला ९, १३, १९ की २५ मिमी?

बावीस मिमी बाहेरचा व्यास असलेला तांब्याचा पाइप घेऊ. आत ६० अंशांचं पाणी, भोवती २० अंशांची स्थिर हवा, लांबी १२ मीटर. इन्सुलेशन नेहमीचंच, फोमच्या नळीचं. हिशोब ढोबळ असला तरी निवड करायला पुरेसा आहे.

| जाडी | दर मीटरला वाया जाणारी उष्णता | पाणी ४० अंशांवर यायला लागणारा वेळ |
|---|---|---|
| उघडा पाइप | २८ वॅट | २५ मिनिटं |
| ९ मिमी | १२ वॅट | सुमारे १ तास |
| १३ मिमी | १० वॅट | ७० मिनिटं |
| १९ मिमी | ८.५ वॅट | ८५ मिनिटं |
| २५ मिमी | ७.४ वॅट | ९५ मिनिटं |

पहिल्या ९ मिलिमीटरमध्येच निम्म्याहून जास्त गळती थांबते. पुढे मात्र जाडी वाढत जाते तसा फायदा आटत जातो. प्रत्येक नवा थर आधीच्यापेक्षा मोठ्या घेरावर बसतो, त्यामुळे उष्णतेला बाहेर पडायला जागाही जास्त मिळते.

मग जाड नळी कुणी घ्यावी? पाइपमधून पंपाने पाणी दिवसरात्र फिरत असेल, तर उघड्या पाइपमधून रोज ८ युनिट उष्णता जाते. ९ मिमीला साडेतीन, १९ मिमीला २.४ आणि २५ मिमीला २.१ युनिट. इथे मी १९ घेईन. २५ फक्त जागा मोकळी असेल आणि किमतीत फारसा फरक नसेल तरच.

नळ अधूनमधून उघडणाऱ्या पाइपचं गणित वेगळं आहे. नळ बंद केल्यावर १२ मीटरमध्ये पावणेचार लिटर पाणी अडकतं. ते पूर्ण गार झालं की जाडी कितीही असो, जवळपास तेवढीच उष्णता जाते. इन्सुलेशन फक्त उशीर करतं. दोन वापरांत तासाभराचं अंतर असेल तर ९ किंवा १३ मिमी उपयोगी पडतं. सकाळी एकदा आणि रात्री एकदाच नळ उघडत असेल, तर २५ मिमी घालूनही पाणी गारच मिळणार.

जाडीपेक्षा जास्त घात करतात त्या उघड्या राहिलेल्या जागा: कोपरे, व्हॉल्व्ह, क्लॅम्पखाली दाबला गेलेला फोम, न चिकटवलेली उभी चीर. १९ मिमी लावलेल्या या पाइपचा एकच मीटर उघडा राहिला, तर एकूण गळती १२१ वॅट होते. सलग लावलेल्या १३ मिमीची १२० आहे! म्हणजे महागडी नळी घेऊन कोपरे सोडले, तर वरच्या जाडीचे पैसे तिथेच गेले.

तपासायला पाइप तापलेला असताना हात फिरवा. १९ मिमीचा पृष्ठभाग हवेपेक्षा चारपाच अंशच गरम हवा, ९ मिमीचा दहाएक अंश. एखाद्या ठिकाणी त्याहून ऊब लागली, तर तिथली चीर उघडली आहे किंवा फोम दबला आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर फोमवर बरोबर चालतो, पण चकचकीत उघड्या तांब्यावर तो खरं तापमान बरंच कमी दाखवतो. तिथे काळी चिकटपट्टी लावून तिच्यावरचा आकडा घ्या.